नाइट शिफ्टची सुट्टी नेमकी कुठल्या तारखेची? कॉम्प-ऑफचा अर्ज तारखांसह कसा लिहावा

प्रश्न : मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत ऑपरेटर आहे, तीन शिफ्टची ड्युटी. डिसेंबर 2025 मध्ये 3 तारखेला सायबाच्या फेस्ताला फर्स्ट शिफ्ट केली, 18 आणि 19 च्या रात्री नाइट केली, 25 ला नाताळात सेकंड केली. मेल टाकला की ‘डिसेंबरमध्ये सुट्ट्यांना काम केले आहे, तरी चार दिवस कॉम्प-ऑफ मिळावा’. एचआरचं उत्तर आलं, तारखा स्पष्ट करा. सुपरवायझर म्हणतो, तुझे दोनच होतात. मला महाशिवरात्रीला कुणकेश्वरला जायचंय. 15 फेब्रुवारीला रविवार, माझा वीकली ऑफ आहे. त्याआधीचा आठवडा नाइट, सोमवारपासून फर्स्ट. अर्ज कसा लिहू?

उत्तर :

मी बरीच वर्षं कुंडईला आणि नंतर वेर्ण्याला टाइम ऑफिस सांभाळलं आहे, म्हणजे असे मेल ज्या टेबलावर येतात त्या टेबलामागे बसलो आहे. तुमचा मेल वाचून एचआरने तारखा विचारल्या यात मला वावगं काही दिसत नाही. कॉम्प-ऑफची नोंद महिन्यावर किंवा दिवसांच्या संख्येवर होत नाही. ती एका विशिष्ट तारखेच्या एका विशिष्ट शिफ्टवर होते. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कोणत्या दिवसाच्या बदल्यात’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तुम्ही चार म्हणालात, पण कुठले चार ते त्या माणसाने शोधायचं म्हटलं तर तो शोधणार नाही, मेल परत पाठवणार.

तारखा नीट मांडायला बसलात की तुमच्याच लक्षात येईल, सुपरवायझर फारसा चुकीचं बोलत नाही. का ते सांगतो, कारण अर्जाची भाषा त्यावरच ठरते.

आधी सोपं ते घेऊ. 3 डिसेंबर ही गोवा सरकारच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीतली तारीख. पण सरकारची यादी सरकारी कार्यालयांसाठी असते, खासगी कारखान्याला ती आपोआप लागत नाही. कारखान्याची स्वतःची यादी असते. वर्षाच्या सुरुवातीला ती नोटीस बोर्डावर लागते, युनियन असेल तर तिच्याशी बोलून ठरते. काही कंपन्या 3 डिसेंबर देतात, काही त्याऐवजी चवथीचा दुसरा दिवस धरतात, कारण चवथीला तसंही अर्धं खातं रिकामं असतं. तुमच्या कंपनीच्या 2025 च्या यादीत 3 डिसेंबर नसेल, तर त्या दिवशीची फर्स्ट शिफ्ट ही रोजची ड्युटी झाली आणि तिचा कॉम्प-ऑफ होत नाही. असेल तर खुशाल मागा, आणि अर्जात ‘कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीप्रमाणे’ एवढे शब्द घाला. यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जानेवारीत नवी यादी लागली की जुनी बोर्डावरून जाते आणि मग कोणाला काही आठवत नाही. सुपरवायझर दोनच म्हणतो त्यावरून 3 तारीख तुमच्या यादीत नसावी असा माझा अंदाज आहे. पुढचं त्याच धरून लिहितो.

आता खरी गुंतागुंत. 19 डिसेंबर, गोवा मुक्तिदिन. तुम्ही दोन रात्री केल्या. पहिली गुरुवार 18 च्या रात्री 11 पासून शुक्रवार 19 च्या सकाळी 7 पर्यंत. दुसरी शुक्रवार 19 च्या रात्री 11 पासून शनिवार 20 च्या सकाळी 7 पर्यंत. तुमचा हिशोब असा दिसतो की पहिल्या रात्रीचे सात तास 19 तारखेत पडले आणि दुसऱ्या रात्रीचा एक तास 19 तारखेत पडला, म्हणजे दोन्ही वेळा सुट्टीला काम झालं. घड्याळाप्रमाणे ते खरं आहे, पण हजेरी अशी मोजत नाहीत.

1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 57 होतं, ते खास याच प्रश्नासाठी. शिफ्ट मध्यरात्र ओलांडत असेल तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, आणि त्या कामगाराचा ‘सुट्टीचा पूर्ण दिवस’ म्हणजे त्याची शिफ्ट संपल्यापासून सलग 24 तास. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली, तिच्यातही मोजणीची हीच पद्धत ठेवली आहे. कायद्यात हा नियम साप्ताहिक सुट्टीसाठी लिहिलेला आहे, सणाच्या सुट्टीसाठी नाही, हे लक्षात असू द्या. पण टाइम ऑफिस दोन प्रकारच्या मोजण्या ठेवत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सणाच्या सुट्टीलाही तोच नियम चालतो.

तो तुमच्या दोन रात्रींना लावून पाहू. 18 ची रात्र 19 च्या सकाळी 7 ला संपली, ती सगळी 18 तारखेची. तिथून तुमची 19 ची सुट्टी सुरू व्हायला हवी होती, ती 20 च्या सकाळी 7 पर्यंत. या 24 तासांत तुम्ही 19 च्या रात्री 11 ला पुन्हा पंच केलंत. म्हणजे सुट्टी मोडली ती दुसऱ्या रात्रीने. कॉम्प-ऑफ एकच, आणि तो 19 डिसेंबरच्या रात्रपाळीचा.

काही कारखान्यांत मात्र उलटी रीत असते. तिथे नाइट ही येणाऱ्या दिवसाची पहिली शिफ्ट मानतात, म्हणजे 18 च्या रात्री सुरू झालेली शिफ्ट 19 तारखेच्या रकान्यात पडते. तसं असेल तर 18 ची रात्र सुट्टीची आणि 19 ची रात्र साधी. तुमच्याकडे कुठली रीत आहे हे कोणाला विचारायचीही गरज नाही. डिसेंबरच्या हजेरीचा प्रिंट काढा किंवा अ‍ॅपमध्ये पाहा. वीकली ऑफ संपून नाइटचा आठवडा जिथे सुरू होतो, तिथली पहिली रात्र कुठल्या तारखेखाली दिसते, ते पाहिलं की कळतं. कुठलीही रीत असली तरी दोन रात्रींपैकी एकच बसते. फक्त रीत एकच असायला हवी. दावा मोजताना शिफ्ट सुरू झाल्याची तारीख आणि सुट्टी देताना शिफ्ट संपल्याची तारीख, असं कोणी करत असेल तर तिथे मात्र बोट ठेवायचं.

25 डिसेंबरचा प्रश्नच नाही. गुरुवार, दुपारी 3 ते रात्री 11, सगळे तास एकाच तारखेत. नाताळ तुमच्या यादीत असणारच, तरी एकदा नजर टाका.

तर दावा दोनाचा. पण अर्ज टाकण्याआधी डिसेंबरची पेस्लिप उघडा. बऱ्याच कंपन्यांत सुट्टीला काम केलं तर एक तर दुप्पट पगार मिळतो, नाही तर त्या दिवसाचा पगार आणि एक कॉम्प-ऑफ. दोन्ही मिळत नाही. कामगाराने पर्याय दिला नाही तर पगाराचा क्लार्क महिनाअखेरीला पैसे टाकून मोकळा होतो. ओटी किंवा हॉलिडे वेजेसच्या ओळीत 19 किंवा 25 चे पैसे आले असतील तर त्या तारखेचा कॉम्प-ऑफ मागू नका. मागितलात तर तेवढ्या एका ओळीमुळे सगळा अर्ज संशयात जातो. पैसे आलेले असूनही तुम्हाला सुट्टीच हवी असेल तर तसं उघड लिहा, की जानेवारीच्या पगारातून ते वळते करून घ्यावेत. काही जण मानतात, काही नाही. कंपनीच्या नियमावर आहे.

पुढचा मुद्दा मुदतीचा. साप्ताहिक सुट्टी बुडाली तर कायदा म्हणतो, तिची भरपाई त्याच महिन्यात किंवा लगेचच्या दोन महिन्यांत द्यावी. डिसेंबरचं काम धरलं तर 28 फेब्रुवारी 2026 पर्यंत. सणाच्या सुट्टीला मुदत कंपनीची असते, आणि ती बहुतेक वेळा दिवसांत मोजलेली असते. 60 दिवस असेल तर 19 डिसेंबरचा कॉम्प-ऑफ 17 फेब्रुवारीला लॅप्स होतो, 25 डिसेंबरचा 23 फेब्रुवारीला. 30 दिवस असेल तर 19 चा 18 जानेवारीलाच गेला, आणि मग आधी मुदतवाढ मागावी लागेल. हे नेमणूक पत्रात किंवा रजेच्या नियमांत सापडतं. मुदत अर्ज देण्याची आहे की प्रत्यक्ष सुट्टी घेण्याची, हेही तिथेच पाहा. बहुतेक ठिकाणी घेण्याची असते, आणि माणसं फसतात ती इथेच. म्हणून जुन्या तारखेचा कॉम्प-ऑफ आधी वापरायचा, हे अर्जातच लिहून टाकायचं.

आता कुणकेश्वर. तुम्ही स्वाभाविकपणे ‘15 ची सुट्टी’ असं लिहाल, आणि तिथे अर्ज अडकेल. 15 रविवार, तो तुमचा वीकली ऑफच, त्यावर कॉम्प-ऑफ लागत नाही. तुम्हाला मोकळी हवी आहे ती शनिवारची रात्र, म्हणजे 14 च्या रात्री 11 ते 15 च्या सकाळी 7. ती केलीत तर रविवारी सकाळी वेर्ण्याहून निघून देवगड तालुक्यात पोहोचेपर्यंत दुपार होणार, आणि शिवरात्रीच्या रांगेत रात्रभर जागलेला माणूस उभा राहणार. ती सोडली तर शनिवारी सकाळी 7 ला शुक्रवारची नाइट संपवून थेट गावी जाता येतं.

पण नुसतं ‘14 फेब्रुवारी’ लिहिण्यातही धोका आहे. शुक्रवार 13 च्या रात्री सुरू होऊन शनिवार 14 च्या सकाळी संपणारी नाइटही कोणी ‘14 ची’ म्हणू शकतो. सुपरवायझरने तसं समजून शुक्रवारी तुमचा रिलीव्हर लावला आणि शनिवारी रात्री कोणीच नसलं, तर मशीन उभं राहणार आणि तुमची गैरहजेरी लागणार. रात्रपाळीत तारीख एकटी कधीच लिहू नये. वार, सुरू व्हायची तारीख आणि वेळ, संपायची तारीख आणि वेळ, एवढं सगळं एका ओळीत यायला हवं. दुसरी सुट्टी सोमवार 16 ची फर्स्ट शिफ्ट, सकाळी 7 ते दुपारी 3. ती सरळ आहे.

हे सगळं धरून अर्ज असा होईल. तुमच्याकडे मेल इंग्रजीत जात असेल तर इंग्रजीत करा, क्रम मात्र हाच ठेवा.

> विषय : 19 आणि 25 डिसेंबर 2025 या सुट्ट्यांना केलेल्या ड्युटीबद्दल दोन कॉम्प-ऑफ
>
> महोदय,
>
> कंपनीच्या 2025 च्या सुट्ट्यांच्या यादीतील खालील दोन दिवशी मी रोस्टरप्रमाणे ड्युटी केली आहे.
>
> 1) गोवा मुक्तिदिन, शुक्रवार 19 डिसेंबर 2025. रात्रपाळी, 19 डिसेंबर रात्री 11 ते 20 डिसेंबर सकाळी 7.
>
> 2) नाताळ, गुरुवार 25 डिसेंबर 2025. दुसरी पाळी, दुपारी 3 ते रात्री 11.
>
> या दोन्ही दिवसांबद्दल जादा वेतन मी घेतलेले नाही. त्याऐवजी कॉम्प-ऑफ खालीलप्रमाणे मंजूर करावेत.
>
> क्र. 1 बद्दल : शनिवार 14 फेब्रुवारी 2026 ची रात्रपाळी, 14 फेब्रुवारी रात्री 11 ते 15 फेब्रुवारी सकाळी 7.
>
> क्र. 2 बद्दल : सोमवार 16 फेब्रुवारी 2026 ची पहिली पाळी, सकाळी 7 ते दुपारी 3.
>
> रविवार 15 फेब्रुवारी हा माझा साप्ताहिक सुट्टीचा दिवस आहे. शुक्रवार 13 फेब्रुवारी रात्री 11 ते 14 फेब्रुवारी सकाळी 7 या पाळीला मी हजर राहीन.
>
> यापूर्वीच्या मेलमधील चार दिवसांच्या मागणीऐवजी हा अर्ज धरावा. कळवावे, ही विनंती.
>
> नाव, टोकन नंबर, विभाग, दिनांक

यातली दोन वाक्यं मुद्दाम घातली आहेत. शुक्रवारच्या पाळीला हजर राहीन हे वाक्य वरकरणी फालतू वाटेल, पण रिलीव्हर कुठल्या रात्री लावायचा हा गोंधळ तेच मिटवतं. आणि जुन्या मेलऐवजी हा अर्ज धरावा हे लिहिलं नाही तर फाइलमध्ये दोन मागण्या राहतात, एक चाराची आणि एक दोनाची. पुढे कधी ऑडिटला कोणी पाहिलं तर तुम्ही सहा मागितले असंही दिसू शकतं. असं झालेलं मी पाहिलं आहे.

तारखेत महिना अक्षरांत लिहा. 3/12 असं लिहिलं तर काही सॉफ्टवेअर ते 12 मार्च समजतात. वार लिहिण्याचा फायदा असा की तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे दिसते. ‘मुक्तिदिनाच्या रात्री’, ‘नाताळच्या वेळी’ असे शब्द एकटे नकोत. सणाचं नाव तारखेसोबत ओळख म्हणून चालतं.

जादा वेतन घेतलेलं नाही हे वाक्य पेस्लिप पाहूनच ठेवा. एका तारखेचे पैसे आलेले असतील तर ती ओळ काढा आणि अर्ज एका दिवसाचा करा. मग तो एक कॉम्प-ऑफ शनिवारच्या रात्रीला लावा आणि सोमवारी सीएल टाका. उलटं करू नका, कारण बऱ्याच ठिकाणी वीकली ऑफच्या आधी किंवा नंतर सीएल जोडण्यावर नियम असतात. तुमच्याकडे ऑफनंतरची सोमवारची सीएल चालते का ते आधी विचारून घ्या.

अर्जासोबत पुरावा जोडायची गरज सहसा पडत नाही, कारण पंचिंग त्यांच्याकडेच असतं. अडचण येते ती ‘काम करायला सांगितलं कोणी’ या प्रश्नावर. रोस्टरमध्ये तुमचं नाव त्या शिफ्टला असेल तर विषय संपला. पण ऐन वेळी सुपरवायझरने फोन करून बोलावलं असेल तर रोस्टरमध्ये ते नसतं. 25 तारखेला तसं झालं असेल तर सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज शोधा. नसेल तर त्याला आजच एका ओळीचा मेल करून ‘25 डिसेंबरच्या दुसऱ्या पाळीला आपल्या सांगण्यावरून आलो होतो’ असं कळवा आणि त्याचं ‘होय’ घ्या. पुढच्या वेळी सुट्टीला बोलावणं आलं तर हे त्याच दिवशी करायचं.

मेल एचआरला, प्रत सुपरवायझरला. 20 जानेवारीच्या आसपास पाठवलात तर बरं, कारण फेब्रुवारीचं रोस्टर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पक्कं होतं आणि एकदा ते लागलं की रिलीव्हर मिळत नाही. शिवरात्रीला सिंधुदुर्गातले सगळेच मागणार, आणि वेर्ण्याला तर ते थोडे नाहीत. नकार आला तर तो तोंडी घेऊन परतू नका. शांतपणे एक ओळ पाठवा, की त्या दोन पाळ्या शक्य नसतील तर मुदतीच्या आतली कुठली पाळी देता ते कळवावे, किंवा लॅप्सची तारीख वाढवून द्यावी. कामाची निकड हे तारीख बदलण्याचं कारण होऊ शकतं, कॉम्प-ऑफ बुडवण्याचं नाही. उत्तर आलंच नाही तर युनियन, आणि तिथूनही नाही झालं तर पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार खातं आहे. दोन दिवसांसाठी तिथपर्यंत कोणी जात नाही, आणि तारखा अशा नीट लिहिलेल्या असल्या तर सहसा जावंही लागत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही कंपनीच्या रोलवर आहात की कंत्राटदाराच्या? पेस्लिपवर ज्याचं नाव आहे तो तुमचा मालक, आणि अर्ज त्यालाच जायला हवा. कंपनीच्या एचआरला फक्त प्रत. कंत्राटावर असाल तर सुट्ट्यांची यादीही कंत्राटदाराची पाहावी लागेल. तिच्यात 3 डिसेंबर आहे का, ते पाहून इथे लिहा, म्हणजे अर्जात एक ओळ वाढवायची का ते सांगतो.